फोटोत आलेले पत्र : गिरवलेले अक्षर आणि मुद्दाम जुना केलेला कागद



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादी पत्र्याची ट्रंक असते. तिच्यात खापरपणजोबांची मोडी पत्रे, आजोबांची पोस्टकार्डे, भाड्याच्या पावत्या आणि किर्दीची पाने असतात. घराणी पांगली तशा या ट्रंकाही पांगल्या, आणि आता त्यांतला एकेक कागद फोनवरच्या फोटोतून आपल्यापर्यंत पोचतो. पाठवणारा विचारतो, 'हे आजोबांचेच अक्षर ना?' हा प्रश्न कधी नुसत्या कौतुकाचा असतो आणि कधी वाड्याच्या दोन खोल्यांचा असतो. आज मी दुसऱ्या प्रकारच्या एका कागदाविषयी बोलणार आहे. घराण्याची ओळख पटू नये म्हणून बाहेरचे काही तपशील मी बदलले आहेत. कागदावर जे दिसले ते मात्र तसेच ठेवले आहे.

कागद अर्ध्या ताव्याचा. वर १९४८ सालची तारीख, खाली अकरा ओळींचा बालबोध मजकूर आणि शेवटी घरातल्या कर्त्या आजोबांची सही. मजकूर असा, की दक्षिणेकडच्या दोन खोल्या धाकट्या भावाच्या विधवेकडे कायम राहाव्यात. ही चिठ्ठी वाडा विकायला निघाला तेव्हा वर आली, आणि तीही फोटोच्या रूपात. मूळ कागद दुसऱ्या गावी लॉकरमध्ये आहे, असे सांगण्यात आले.

तारीख इतकी जुनी असण्याला महत्त्व आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या ९० व्या कलमाप्रमाणे तीस वर्षांहून जुना कागद योग्य माणसाच्या ताब्यातून आला, तर त्यावरची सही आणि अक्षर ज्याचे म्हटले आहे त्याचेच आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. २०२३ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. साक्षीदार सगळे गेलेले असतात, त्यांना कोठून आणणार, हा त्यामागचा विचार. पण ज्याला खोटा कागद करायचा आहे त्यालाही यातून वाट मिळते. ही सवलत मूळ कागदाला आहे, त्याच्या फोटोला नाही, हे त्या घरात कोणाच्या लक्षात आले नव्हते.

तर प्रथम फोटोविषयी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो वाटेत दाबला जातो, लहान होतो. शाईच्या रेघेची किनार आणि तिच्यातली गडद-फिकट छटा, म्हणजे आपल्याला जे पाहायचे तेच, त्यात आधी जाते. कागद 'स्कॅन' करणारी अ‍ॅपे तर याहून वाईट, कारण ती कागद पांढरा करतात आणि अक्षर सरसकट काळे करतात. म्हणून पाठवणाऱ्याला सांगावे, की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्कॅन नको. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता बरोबर वरून काढा. कागदाशेजारी मोजपट्टी आणि एक कोरा पांढरा कागद ठेवा. मागच्या बाजूचा एक फोटो हवा. एक हवा खोली अंधारी करून, टॉर्च कागदाच्या पातळीत आडवा धरून काढलेला. शिवाय सही आणि दोन-चार शब्द इतक्या जवळून, की एकच शब्द सारी चौकट भरेल. एवढे मागितल्यावर पुष्कळ वेळा पलीकडून उत्तरच येत नाही. इथे मात्र आठ दिवसांनी सगळे फोटो आले, हे पाठवणाऱ्याच्या बाजूने सांगायला हवे.

पहिल्या, दाबल्या गेलेल्या फोटोत सगळ्या रेघा एकाच जाडीच्या आणि एकाच रंगाच्या दिसत होत्या. त्यावरूनच घरातल्या एका हुशार मुलाने निकाल दिला होता, की दाब सगळीकडे सारखा आहे, तेव्हा सही गिरवलेली आहे. हा निकाल त्या फोटोवरून देता येत नाही. फोटोत दाब दिसतच नाही. दिसते ती रेघेची जाडी आणि शाईचा गडदपणा, आणि त्यावरून आपण दाबाचा अंदाज बांधतो. फोनचा कॅमेरा स्वतःहून कडा ठळक करतो आणि बारीक छटा पुसून टाकतो, त्यामुळे जिवंत अक्षरही तारेने ओढल्यासारखे दिसू शकते. याची एक सोपी परीक्षा आहे. त्याच फोटोत कोऱ्या कागदाचा पोत पाहावा. कागदाचे तंतू, बारीक ठिपके, सुरकुत्या दिसत असतील आणि तरीही शाईची रेघ सपाट असेल, तर त्या सपाटपणाला काही अर्थ आहे. पण कागदही मेणासारखा गुळगुळीत दिसत असेल, तर सपाटपणा कॅमेऱ्याचा समजावा आणि जवळचा फोटो मागावा.

लेखणी कोणती, हेही आधी ठरवावे लागते. टाक किंवा फाउंटन पेन असेल तर निबेवर जोर पडला की तिच्या दोन जिभा फाकतात आणि रेघ जाड होते. खाली येणारा काना जाड आणि वर जाणारी वेलांटी बारीक, असे त्यात सहज होते. बॉलपेनची रेघ मुळातच जवळजवळ एका जाडीची असते. तिथे दाब कागदाच्या मागच्या बाजूला उठलेल्या वळांत शोधायचा, रेघेच्या जाडीत नव्हे. आणि आपल्या मोडी कागदांना तर दाबाचा हा नियम लावूच नये. बोरूचे टोक कापलेले असते; त्याची रेघ हात कोणत्या दिशेने गेला त्यावर जाड-बारीक होते, जोरावर फारशी नाही. बोरूच्या लेखनात पाहायची ती दौतीची लय. बोरू बुडवला की पुढची काही अक्षरे भरलेली, गडद येतात, मग हळूहळू शाई आटत जाते, आणि पुन्हा एकदम गडद होते. लिहिणाऱ्याचा हात सरावाचा असेल तर हे चढउतार ओळभर एका चालीने येतात, आणि नवी बुडवणी बहुधा शब्द संपल्यावर होते. नक्कल करणारा अक्षराच्या पोटातच थांबतो, बुडवतो आणि रेघ पुन्हा जोडतो. मोडीत शिरोरेषा आधी ओळभर ओढून घेत आणि मग तिच्याखाली लिहीत. एखाद्या 'जुन्या' मोडी पत्रात शिरोरेषा शब्दाशब्दावर बालबोधासारखी नंतर दिलेली दिसली, तर मी थबकून दुसऱ्यांदा पाहीन.

पुन्हा आपल्या चिठ्ठीकडे येऊ. ती फाउंटन पेनाने लिहिलेली होती. जवळच्या फोटोंत कागदाचे तंतू स्वच्छ दिसत होते, आणि तरीही सहीची रेघ आरंभापासून अखेरपर्यंत एका जाडीची होती. अकरा ओळींच्या मजकुरात मात्र थोडाफार जाड-बारीकपणा होता. हा फरक महत्त्वाचा, कारण माणूस आपली सही मजकुरापेक्षा वेगाने करतो. सही त्याच्या हातात इतकी मुरलेली असते, की ती करताना तो अक्षरांकडे पाहतही नाही. इथे उलटे होते, मजकूर चालत होता आणि सही रांगत होती.

सही गिरवायची रीत फार साधी आहे. खरी सही असलेला कागद खिडकीच्या काचेला लावायचा, वर कोरा कागद धरायचा आणि खालून दिसणाऱ्या रेघेवरून पेन न्यायचे. किंवा मध्ये कार्बन घालून, नाहीतर कोरड्या टोकाने दाबून आधी वळ उठवायचा आणि मग त्यावर शाई फिरवायची. कोणत्याही रीतीत हात लिहीत नाही, चित्र काढतो. लिहिणाऱ्या हाताचे पेन कागदाला टेकण्याआधीच चालू लागलेले असते आणि उचलल्यानंतरही पुढे जाते, म्हणून रेघेची दोन्ही टोके निमुळती येतात. गिरवणारा पेन आधी टेकतो, मग हलवतो, मग थांबतो आणि मग उचलतो. त्यामुळे टोके बोथट येतात, कधी तिथे शाईचा ठिपकाही जमतो. लांब रेघेच्या मध्येच पेन उचलून पुन्हा जोडल्याच्या खुणा दिसतात. आमच्या चिठ्ठीत आडनावावरची शिरोरेषा दोन ठिकाणी अशी जोडलेली होती. आजोबांच्या पोस्टकार्डांवर मात्र तीच शिरोरेषा एका झटक्यात जाई आणि शेवटच्या अक्षराच्या पुढे बोटभर निघून जाई.

थरथर हीही गिरवण्याची खूण मानतात, पण इथे जपून बोलावे. म्हाताऱ्या किंवा आजारी हाताची थरथर असतेच. फरक असा, की म्हाताऱ्याचा हात कापला तरी तो लिहीतच असतो. काही रेघा वेड्यावाकड्या जातात, पण एखादी वेलांटी जुन्या सवयीने झपकन फिरते, आणि ओळ खाली उतरली तरी त्याला पर्वा नसते. गिरवणाऱ्याची थरथर बारीक आणि सगळीकडे सारखी असते, आणि तिच्या जोडीला अक्षराचा आकार मात्र शंका यावी इतका निर्दोष असतो.

या निर्दोषपणावर एक प्रसिद्ध खटला झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डच्या सिल्व्हिया अ‍ॅन हाउलंड १८६५ मध्ये वारल्या. त्यांची भाची हेटी रॉबिन्सन हिने मृत्युपत्राला जोडलेले एक जादा पान पुढे आणले. त्यावरची मावशीची सही मृत्युपत्रावरच्या सहीवरून गिरवलेली आहे, असे विरुद्ध पक्षाचे म्हणणे. गणिती बेंजामिन पर्स आणि त्यांचा मुलगा चार्ल्स यांनी बाईंच्या बेचाळीस सह्या घेतल्या आणि प्रत्येक सही प्रत्येक दुसऱ्या सहीवर ठेवून पाहिली. अशा ८६१ जोड्या होतात. सहीत वरून खाली येणाऱ्या तीस रेघा होत्या. एका माणसाच्या दोन खऱ्या सह्यांत सरासरीने पाचांपैकी एखादीच रेघ तंतोतंत जुळे. वादातल्या जोडीत तीसही रेघा जुळत होत्या. पर्स यांनी त्यावरून मांडलेल्या संभाव्यतेच्या हिशोबावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि १८६८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर. पण मूळ निरीक्षण टिकले: एकच माणूस आपली सही दोनदा अगदी तशीच करत नाही.

आम्ही हेच छोट्या प्रमाणात केले. आजोबांच्या निर्विवाद सह्या सात होत्या, पोस्टकार्डांवर पाच आणि भाडेपावत्यांवर दोन. फोटो एकमेकांवर ठेवताना एक धोका असतो. फोन जवळ धरला तर कडेची अक्षरे ताणली जातात, तिरका धरला तर सही एका बाजूला निमुळती होते. म्हणून मोजपट्टी असलेले, वरून काढलेले फोटोच घेतले, आणि नुसती लांबी न मोजता प्रमाणे मोजली: पहिल्या अक्षराच्या उंचीच्या मानाने सही किती लांब, दोन कान्यांतले अंतर किती, वेलांटीचे टोक शिरोरेषेच्या किती वर. सात सह्यांत प्रत्येक प्रमाण कमीजास्त होत होते. चिठ्ठीतली सही त्यांपैकी सहांशी साधारण जुळत होती, आणि सातवीशी, एका भाडेपावतीवरच्या सहीशी, प्रत्येक ठिकाणी. त्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प होता, आणि त्याच्या किनारीला अडून आजोबांची शेवटची वेलांटी आखूड राहिली होती. चिठ्ठीत स्टॅम्प नव्हता, अडायला काही नव्हते, आणि तरी वेलांटी तेवढीच आखूड होती.

आता कागदाविषयी. तो पिवळसर तपकिरी होता. आधी शेजारच्या कोऱ्या कागदाकडे पाहावे, कारण साध्या पिवळ्या दिव्याखाली काल आणलेला कागदही पेशवाईतला दिसतो. इथे शेजारचा कागद पांढरा होता, तेव्हा रंग खरोखर कागदाचाच. प्रश्न असा, की तो कोठून आला?

कागद जिथे हवा आणि उजेड लागतो तिथे आधी तपकिरी होतो. म्हणून जुने पत्र कडांनी गडद आणि मध्ये फिके असते. चार घड्या घालून ठेवलेले असेल तर बाहेर राहिलेला चौकोन गडद, आतले चौकोन फिके, आणि घडीची रेघ मळलेली, झिजलेली. चहा किंवा कॉफीत बुडवलेला कागद सगळ्या चौकोनांत सारखाच रंगतो. पाणी जिथे शेवटी वाळते तिथे नदीच्या पुराच्या रेघेसारखी एक गडद किनार राहते. घडीच्या चिरेत रंग जास्त मुरतो, कारण तिथले तंतू तुटलेले असतात. शाई पाण्याची असेल आणि कागद लिहिल्यावर भिजवला असेल, तर ती पसरते. आधी भिजवून मग लिहिले असेल तर कागदाची खळ उतरलेली असते, आणि रेघेला दोन्ही बाजूंनी बारीक केसांसारखे फाटे फुटतात. आमच्या चिठ्ठीचे चारही चौकोन एका रंगाचे होते, उजव्या खालच्या कोपऱ्यात पुराची रेघ होती, आणि प्रत्येक अक्षराला ते केस होते. ओल लागलेल्या ट्रंकेतल्या कागदावरही पुराची रेघ येते. ती एकटीच असती तर मी तिचा उल्लेखही केला नसता.

घडीबद्दल एक खुलासा हवा. रेघ घडीवरून जाताना चिरेत शाई पसरली असेल, तर घडी आधीची आणि अक्षर नंतरचे. पण आपल्याकडे समास सोडण्यासाठी कागद आधी दुमडून घेण्याची जुनी पद्धत आहे. समासाच्या घडीत शाई पसरलेली दिसली तर ते स्वाभाविकच आहे. झिजलेल्या, मळलेल्या आडव्या घडीत पसरली तर मात्र विचारावे लागते, की वर्षानुवर्षे घडी करून ठेवलेल्या कागदावर मागाहून कोणी लिहिले?

कसरीची भोकेही बोलतात. घडी केलेल्या कागदातून कीड आरपार गेली, तर उलगडल्यावर तेच भोक सगळ्या चौकोनांत, घडीच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे समोरासमोर दिसते. शिवाय किडीला अक्षर आणि कोरा भाग यांत भेद कळत नाही. चिठ्ठीला तीन भोके होती, तिन्ही समासात, आणि घडीपलीकडे त्यांचे जोडीदार नव्हते.

एवढे सगळे असूनही मी लेखी उत्तर दिले ते असे: फोटोंवरून सही एका विशिष्ट पावतीवरून गिरवल्याची आणि कागद मुद्दाम रंगवल्याची सबळ शंका येते, मूळ कागद पाहिल्याशिवाय याहून अधिक म्हणता येणार नाही. रेघेशेजारचा बिनशाईचा वळ, शाई डागाच्या वर आहे की खाली, कागद कोणत्या काळचा, या गोष्टी फोटो ठामपणे सांगत नाही. फोटोवरून एखादा कागद संशयित ठरवता येतो, खरा ठरवता येत नाही. 'आक्षेप घेण्याजोगे काही दिसले नाही' एवढेच फार तर लिहावे.

आणि ज्यांच्याशी ताडून पाहायचे ते नमुने कोठून आले, हे जरूर विचारावे. १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून ज्या रोजनिशा जर्मनीत गाजल्या, त्यांचे अक्षर जाणकारांनी आधी खरे ठरवले होते, कारण ताडून पाहायला दिलेल्या नमुन्यांतही त्याच कोनराड कुयाऊचे हस्तलेखन मिसळलेले होते. खोट्याची खोट्याशी गाठ छान जुळली. पुढे मूळ वह्या प्रयोगशाळेत गेल्यावर कागदात महायुद्धानंतरचे, अतिनील दिव्याखाली चमकणारे द्रव्य सापडले. पाने जुनी दिसावीत म्हणून कुयाऊने त्यांवर चहा ओतला होता. आमच्या बाबतीत पोस्टकार्डांवर टपालाचे शिक्के होते आणि ती वाड्याच्या दुसऱ्या शाखेकडून आली होती, म्हणून त्यांवर भरवसा ठेवता आला.

महिन्याभराने मूळ चिठ्ठी आली. टॉर्च आडवा धरल्यावर सहीच्या रेघेच्या डाव्या अंगाला, तिच्या बरोबरीने जाणारा एक कोरडा वळ दिसला. शाई काही ठिकाणी त्याच्यावरून घसरून बाहेर गेली होती. चिठ्ठी कोणी केली हे तो वळ सांगत नाही, आणि मीही सांगितले नाही.

पण नमुना म्हणून आलेली पोस्टकार्डे आम्ही अक्षरासाठी इतक्या वेळा वाचली, की मजकूरही पाठ झाला. त्यांतल्या एकात, १९५१ च्या शिक्क्याच्या, आजोबांनी मुलाला लिहिले आहे, की पावसाआधी दक्षिणेकडच्या दोन खोल्यांची कौले चाळून घे, वहिनींना तिथेच राहायचे आहे आणि त्यांच्यानंतरही त्या खोल्या त्यांच्या मुलांच्याच. त्या ओळीतला काना जाड आहे, वेलांटी बारीक आहे आणि शिरोरेषा शब्दाच्या पुढे निघून गेली आहे. हे पोस्टकार्ड दुसऱ्या शाखेच्या ट्रंकेत होते, आणि त्यांनीच ते चिठ्ठी खोटी ठरवायला आणून दिले होते. वाडा अजून विकला गेलेला नाही.